वजन उतरावे, बळ उतरू नये

साठी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, "वजन कमी करा." गुडघ्यांसाठी, साखरेसाठी किंवा रक्तदाबासाठी हा सल्ला योग्यच असतो. मग घरात जेवण आवरते घेतले जाते आणि मुलगा किंवा सून जवळच्या जिममध्ये नाव घालून देते. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकताच समोर लोखंडी चकत्या, आरसे, मोठ्याने लावलेली गाणी आणि दंड फुगवून उभी असलेली तरुण मुले दिसतात. 'आपल्या पाठीचे, गुडघ्याचे काही बरेवाईट झाले तर?' हा प्रश्न मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. ही भीती मला खोटी वाटत नाही, म्हणून आज तिचेच उत्तर देऊ.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जेवण कमी करून वजन उतरवण्याच्या या काळाला जिममधील मुले 'कटिंग' म्हणतात. या काळात शरीराची मिळकत कमी आणि खर्च जास्त असतो. तूट भरून काढण्यासाठी शरीर साठवलेली चरबी वापरते, परंतु केवळ चरबीच वापरते असे नाही. व्यायामावाचून नुसते जेवण कमी केले तर उतरलेल्या वजनातील साधारण पाव हिस्सा चरबीचा नसून स्नायूंचा आणि तत्सम ऊतींचा असू शकतो. पंचविशीतल्या मुलाला हे परवडते. पासष्टीतल्या माणसाचे स्नायू वयोमानाने आधीच झिजू लागलेले असतात. त्यात आणखी घट झाली की काट्यावर आकडा सुंदर दिसतो, पण पाटावरून उठताना हात टेकावा लागतो.

वजन उचलण्याचा व्यायाम यासाठीच आहे. वापरात असलेला स्नायू शरीर सहसा मोडीत काढत नाही. मात्र याच काळात शरीराची डागडुजी मंदावलेली असते. तरुण मुलाचा दुखरा स्नायू दोन दिवसांत सावरतो. कमी जेवणाऱ्या वृद्धाला चार दिवस लागू शकतात. म्हणजे वजन उचलणे आवश्यक, आणि ते घाईने उचलणे धोक्याचे, अशी ही दुहेरी अट आहे. पुढचे सगळे विवेचन या एका अटीभोवती फिरते.

जाण्यापूर्वी दोन गोष्टी

पहिली गोष्ट औषधांची. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर तिची मात्रा पूर्वीच्या जेवणाच्या हिशेबाने ठरवलेली असते. जेवण कमी झाले, व्यायाम वाढला आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून आहार बदलण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना भेटून मात्रा ठरवून घ्यावी. स्वतःहून गोळी बंद करू नये आणि आहे तशीच चालूही ठेवू नये. अशा औषधांवर असणाऱ्यांनी व्यायामापूर्वी घरच्या यंत्रावर साखर पाहावी. ती 100 च्या खाली असल्यास एखादे केळे खावे, थोडे थांबावे आणि पुन्हा तपासून मगच व्यायामाला लागावे.

रक्तदाबाचेही तसेच आहे. विश्रांतीच्या वेळी तो 180/110 च्या वर असेल, तर त्या दिवशी वजन उचलू नये आणि डॉक्टरांशी बोलावे. उलट, वजन उतरू लागले की जुन्या गोळ्यांनी रक्तदाब गरजेपेक्षा खालीही जाऊ शकतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची पहिली खूण होय.

दुसरी गोष्ट आपल्या जुन्या दुखण्यांची. हर्निया, नुकतीच झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर झालेला परिणाम, छातीत दुखण्याचा इतिहास किंवा ठिसूळ झालेली हाडे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या परवानगीखेरीज सुरुवात करू नये. हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी पोटाच्या व्यायामासाठी आडवे पडून धड वर उचलणे, तसेच हातात वजन घेऊन कमरेत वाकणे किंवा वळणे टाळावे. त्यात मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि तो दबून मोडू शकतो. ट्रेनरला हे सर्व पहिल्याच दिवशी सांगावे. सांगायला संकोच वाटत असेल तर घरच्यांनी सोबत जावे.

अंग तापवणे म्हणजे काय

'वॉर्म-अप' म्हणजे अंग ताणणे असा समज सर्वत्र आढळतो. थंड स्नायू धरून अर्धा अर्धा मिनिट ताणत राहणे हे खरे अंग तापवणे नव्हे. ताणण्याचे व्यायाम शेवटी करावेत. आरंभी हवी असते ती हालचाल. हालचालीने स्नायूंत रक्त खेळते, सांध्यांतील वंगण पसरते, आणि हृदयाला आपला वेग हळूहळू वाढवण्यास सवड मिळते. थंड शरीराने एकदम जोर लावला तर ही सवड मिळत नाही, आणि ती उतारवयात फार महत्त्वाची असते.

याचे तीन टप्पे असून सगळे मिळून दहा ते बारा मिनिटे लागतात. पहिला टप्पा पाच मिनिटांचा. बसून चालवायच्या सायकलवर किंवा ट्रेडमिलवर सावकाश चालावे. वेग किती, याचे माप सोपे आहे. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. नाडी मोजण्यापेक्षा हे माप बरे, कारण मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रमातही फारशी वाढत नाही आणि आकडा फसवतो.

दुसरा टप्पा सांध्यांचा. खांदे गोलाकार फिरवणे, भिंतीला धरून एकेक पाय पुढे-मागे झुलवणे, घोटे फिरवणे आणि खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे. यात झटका नसावा.

तिसरा टप्पा बहुतेक लोक गाळतात, आणि तोच सर्वांत उपयोगी असतो. जो व्यायाम करायचा तोच आधी निम्म्या वजनाने आठ-दहा वेळा करावा. आज तीस किलो ढकलायचे असतील तर प्रथम पंधरा ढकलावेत. एखादा सांधा आज कुरकुरत आहे का, हे या हलक्या फेरीत समजते. पंधरा किलोला गुडघा टोचला, तर त्या दिवशी तीसकडे जायचे नाही.

वाकण्याची विद्या

व्यायामाचे चार प्रकार सुरुवातीला पुरेसे आहेत. पायांनी ढकलणे, हातांनी ओढणे, हातांनी ढकलणे आणि जमिनीकडून उचलणे. पहिल्या तिन्हींसाठी बैठी यंत्रे असतात. त्यांत पाठीला आधार असल्याने ती नवख्याला सोयीची पडतात. कमरेला इजा होते ती बहुधा चौथ्या प्रकारात. तोच आपण घरी रोज करतो. पाण्याची कळशी, पिठाचा डबा, नातवंड, सारे जमिनीकडूनच उचलले जाते. म्हणून त्याला थोडी अधिक जागा देतो.

आपल्याला वाकायला सांगितले की आपण कमरेत वाकतो. पाठ धनुष्यासारखी गोल होते आणि ओझ्याचा सारा भार कमरेच्या मणक्यांवर व त्यांमधील चकत्यांवर येतो. वस्तुतः वाकण्यासाठी निसर्गाने दिलेला मोठा सांधा खुब्याचा आहे. खुब्याभोवतीचे स्नायू शरीरातील सर्वांत बलवान स्नायूंपैकी आहेत. खुब्यात वाकायचे आणि पाठ सरळ ठेवायची, एवढेच शिकायचे असते. सांगायला सोपे, पण साठ वर्षांची सवय मोडायची असल्याने त्याला दोन आठवडे द्यावे लागतात.

ते भिंतीजवळ शिकावे. भिंतीकडे पाठ करून, टाचा भिंतीपासून एक वीत पुढे ठेवून उभे राहावे. पायांत खांद्यांइतके अंतर असावे आणि गुडघे किंचित सैल असावेत. आता नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवावेत. हात जोडून दार मागे ढकलावे, तसे नितंबांनी भिंत ढकलायची. धड आपोआप पुढे झुकेल. भिंतीला स्पर्श झाला की पायांचे तळवे जमिनीत रोवून सरळ उभे राहावे. हे दहा वेळा जमले की टाचा आणखी चार बोटे पुढे घ्याव्यात. मांडीच्या मागच्या बाजूस ताण जाणवला तर हालचाल बरोबर आहे. तो कमरेत जाणवला तर पाठ गोल होत आहे.

पाठ सरळ आहे की नाही हे स्वतःला दिसत नाही. त्यासाठी घरातील केरसुणीचा लांब दांडा किंवा चालण्याची सरळ काठी पाठीवर उभी धरावी. ती डोक्याचा मागचा भाग, दोन्ही फऱ्यांमधील जागा आणि माकडहाडाच्या वरचा भाग अशा तीन ठिकाणी टेकली पाहिजे. वाकताना तिन्हींपैकी एकही जागा सुटता कामा नये. काठी डोक्यापासून सुटली तर मान पडते आहे, खालून सुटली तर कंबर गोल होते आहे. घरचे कुणी बाजूला उभे राहून हे पाहू शकते. त्यासाठी ट्रेनरच हवा असे नाही. ज्यांची पाठ वयोमानाने आधीच पुढे झुकलेली आहे, त्यांचे डोके काठीला टेकणार नाही. त्यांनी ते ओढून टेकवू नये. उभे असताना काठी व पाठ यांत जे अंतर असते, तेच वाकताना कायम राहिले म्हणजे पुरे.

हे साधल्यावर हातात वजन घ्यावे, आणि तेही जमिनीवरून नव्हे. गुडघ्याच्या उंचीच्या बाकावर ठेवलेले चार-पाच किलोचे डंबेल उचलावे. वजन पायांच्या अगदी जवळ असावे. हात लांब करून पुढचे वजन उचलले तर तेच पाच किलो कमरेला कितीतरी जड होतात. उचलून वळायचे असेल तर कमरेत पीळ न देता पावले टाकून वळावे. बाकाची उंची दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करता येते. जमिनीपर्यंत पोहोचलेच पाहिजे असा आग्रह नको. पाठ जिथे गोल होऊ लागते, तिथे आपली मर्यादा.

श्वासाबद्दल एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे. जोर लावताना श्वास सोडायचा, परत येताना घ्यायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात फार चढतो, आणि सोडताच उतरतो. भोवळ येते ती इथेच. आवर्तने मोठ्याने मोजत गेले तर श्वास कोंडताच येत नाही. ही युक्ती अवश्य वापरावी.

किती वजन, किती वेळा

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती ठेवून. सोमवार आणि गुरुवार ही जोडी चांगली. प्रत्येक व्यायामाच्या दहा ते बारा आवर्तनांच्या दोन फेऱ्या, दोन फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटे बसून विश्रांती. वजन इतके असावे, की बारावे आवर्तन संपल्यावर 'अजून तीन करता आली असती' असे वाटावे. या तीन आवर्तनांची शिल्लक म्हणजे इजेपासूनचे संरक्षण होय. दमलेल्या स्नायूची शेवटची दोन आवर्तनेच ढब बिघडवतात.

दोन्ही फेऱ्यांत बारा आवर्तने, चांगल्या ढबीने, सलग दोन वेळा झाली की यंत्रावरील सर्वांत लहान टप्प्याने वजन वाढवावे. त्याच्या अलीकडे वाढवू नये. शेवटी पाच मिनिटे सावकाश चालून मगच बसावे. एकदम थांबल्यास रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते.

एक उदाहरण

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा प्रवास सांगतो. वय 63, उंची 155 सेंटीमीटर, वजन 74 किलो. मधुमेह व रक्तदाब दोन्ही, उजवा गुडघा दुखरा. जिमला जाण्यापूर्वी त्यांची ग्लिमेपिराइडची मात्रा दोन मिलिग्रॅमवरून एक केली. जेवण निम्मे करण्याचा त्यांचा बेत होता. तो बाजूला ठेवून रोजच्या आहारातून 400 कॅलरीच्या आसपास कपात ठरवली. संध्याकाळची फरसाणाची वाटी, चहातील साखर आणि रात्रीचा दुसऱ्या वेळचा भात एवढे गेले. उसळ, ताक, अंडी मात्र वाढवली, कारण स्नायू टिकवायला प्रथिने लागतात. या वयात, मूत्रपिंडे ठीक असतील तर, प्रत्येक किलो वजनामागे रोज सुमारे एक ग्रॅम प्रथिने मिळावीत असा हिशेब धरतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

मी त्यांना एका वहीत दर सोमवारी दोन आकडे लिहायला सांगितले. पहिला काट्याचा. दुसरा खुर्चीचा. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीत बसावे, हात छातीवर आडवे घ्यावेत आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. घरच्या माणसाने घड्याळ धरून जवळ उभे राहावे. साठ ते चौसष्ट वर्षांच्या स्त्रियांत बाराच्या खालचा आकडा कमी समजला जातो. बाईंचा पहिला आकडा होता नऊ.

पहिले दोन आठवडे भिंतीशी वाकणे, काठी आणि हलकी यंत्रे. पायांनी ढकलण्याच्या यंत्रावर, म्हणजे लेग प्रेसवर, वीस किलो. हे किलो यंत्रागणिक बदलतात, म्हणून दुसऱ्याशी तुलना करू नये. त्यांच्या मुलाने एक गोष्ट अचूक टिपली. आसन फार पुढे घेतल्याने पाय मागे येताना आईच्या कमरेचा खालचा भाग गादीवरून उचलला जात होता. आसन दोन खाचा मागे नेले, गुडघे काटकोनापलीकडे दुमडणे थांबले, आणि कंबर गादीला चिकटून राहिली. पाय सरळ करताना गुडघे पूर्ण ताठ करून अडकवायचे नाहीत, ही दुसरी सूचना. दुखरा गुडघा त्यानंतर कुरकुरला नाही.

चौथ्या आठवड्याअखेर वजन 72.4 किलो झाले होते, खुर्चीचा आकडा अकरा आणि लेग प्रेस पंचवीस किलो. पाचव्या आठवड्यात त्यांनी बारा आवर्तनांनिशी तीस किलोही पेलले. इथवर सगळे ठीक चालले होते. मग भाचीचे लग्न जवळ आले. बाईंनी घरात कुणाला न सांगता रात्रीच्या जेवणाऐवजी नुसते सूप घेण्यास सुरुवात केली. सातव्या आठवड्याच्या सोमवारी काटा 69.8 दाखवू लागला आणि त्या फार आनंदल्या. परंतु त्याच पानावर खुर्चीचा आकडा नऊवर घसरला होता. तीस किलो, जे बारा वेळा होत होते, ते आठव्या वेळी अडले. व्यायामापूर्वीची साखर 88 निघाली. बाकावरून आठ किलोचे वजन उचलताना सातव्या आवर्तनाला पाठ गोल होते आहे, हे ट्रेनरने पाहिले आणि व्यायाम थांबवला. मला वाटते, त्याने ते शेवटचे आवर्तन करू दिले नाही, म्हणून आपण पुढची गोष्ट बोलू शकतो.

ही घटना नीट समजून घ्यावी. वजन कमी होत असताना खुर्चीचा आकडा टिकला किंवा वाढला, तर चरबी जात आहे. दोन्ही आकडे एकदम खाली येऊ लागले, तर स्नायू जात आहेत किंवा शरीर सावरत नाही. काटा हे सांगू शकत नाही. त्याला चरबीचा किलो आणि स्नायूचा किलो सारखाच. दमलेला माणूस नेहमीच्याच वजनाने जखमी होतो, तो याच आठवड्यांत.

उपाय साधे होते. रात्रीचे जेवण परत सुरू केले. एक भाकरी, मुगाची उसळ, वाटीभर दही. साखर खाली येत असल्याने गोळीचा फेरविचार केला. व्यायाम बंद केला नाही, कारण बंद केल्यास स्नायू राखण्याचा निरोपच शरीराला मिळत नाही. आठवडाभर दोन फेऱ्यांऐवजी एकच फेरी ठेवली आणि लेग प्रेस पंचवीस किलोवर आणला. नवव्या आठवड्यात वजन 70.2 झाले. त्या चारशे ग्रॅमनी बाई खट्टू झाल्या, पण खुर्चीचा आकडा बारा होता. चौदाव्या आठवड्यात वजन 68.4, खुर्ची तेरा, लेग प्रेस पस्तीस किलो. सरासरी काढली तर आठवड्याला चारशे ग्रॅम. या वयाला हा वेग पुरेसा आहे. याहून भरभर उतरणारे वजन पाहून हरखून जाऊ नये. जेवणात बदल न करताच ते उतरत असेल, तर लगेच तपासणी करून घ्यावी.

दुखणे ओळखावे कसे

पहिल्या काही दिवसांत दुखणारच. कोणते दुखणे निमूट सोसावे आणि कोणते डॉक्टरांकडे न्यावे, एवढे कळले की निम्मी भीती जाते. व्यायामाचे साधे दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू होते, स्नायूच्या मांसल भागात असते, बहुधा दोन्ही बाजूंना असते, बोथट असते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. हलके चालल्याने ते कमी होते. ते टिकून असेल तर पुढची पाळी एक दिवस पुढे ढकलावी.

इजेचे दुखणे वेगळे असते. ते व्यायाम करतानाच उठते, सांध्यात किंवा एका बाजूला असते, टोचते किंवा चमक मारते. त्याक्षणी वजन खाली ठेवावे. 'ही फेरी पुरी करतो' असे म्हणू नये. सूज आली, सांधा अडकला किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही, तर दाखवावे. कमरेतून पायात कळ उतरली, मुंग्या आल्या किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी दाखवावे. पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा जांघेत बधिरपणा येणे ही तातडीची बाब आहे. थेट रुग्णालय गाठावे.

आणखी दोन खुणा घरच्यांनी पाठ करून ठेवाव्यात. व्यायामात छातीवर दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांपैकी काहीही आले तर थांबायचे, बसवायचे आणि रुग्णालयात न्यायचे. मधुमेह्यांत छातीत न दुखता केवळ धाप किंवा घाम येऊ शकतो. दुसरी खूण लघवीची. भारी व्यायामानंतर एक-दोन दिवसांत स्नायू फार सुजून दुखू लागले आणि लघवी गडद, कोऱ्या चहासारखी होऊ लागली, तर स्नायू मोठ्या प्रमाणात मोडून त्यांचे घटक मूत्रपिंडात जात असण्याची शक्यता असते. हे विरळ आहे, पण पहिल्याच दिवशी उत्साहाने अति केल्यास घडते. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या घेणाऱ्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे. हात थरथरणे, घाम आणि गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे. तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, रुग्णालयात न्यावे.

ज्यांच्या घरी कुणी जिमला निघाले आहे, त्यांनी येत्या सोमवारी एक वही, एक काटा आणि हात नसलेली एक खुर्ची भिंतीशी ठेवावी. अर्ध्या मिनिटाचा तो आकडा वजन उतरवण्यापूर्वीच लिहून ठेवला, तरच पुढे काय गमावले आणि काय राखले हे कळेल. पहिल्या महिन्यात हा आकडा वाढला नाही तरी चालेल. तो घसरला, तर मात्र त्या आठवड्यात चकती वाढवू नये, ताट वाढवावे.